लॅमिनेट केलेलं रिटर्न

माझ्या थोरल्या बहिणीला लॅमिनेशनचं वेड आहे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मीही तिला बाईच म्हणतो. अकोल्यात तिचं हारफुलांचं दुकान आहे. दिवसभर हात ओले, बोटांना शेवंतीचा नाहीतर झेंडूचा रंग. अशा हातांनी कागद धरला की त्याचं काय होतं हे ती लग्न झाल्यापासून बघत आली आहे. त्यामुळे घरात कुठलाही महत्त्वाचा कागद आला की ती तडक समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते आणि त्याला प्लास्टिकमध्ये बंद करून आणते. आधार कार्ड, मुलीच्या मार्कशीटा, भाऊजींच्या मृत्यूचा दाखला, दुकानाचा परवाना. एकदा तर विजेचं बिलही. त्या साली मीटरवरून भांडण झालं होतं आणि ते बिल तिला पुरावा म्हणून जपायचं होतं.

तिचं इन्कम टॅक्स रिटर्न मी भरतो. अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात मी सगळी नोकरी कागद हलवण्यात घालवली, मोठा बाबू होऊन निवृत्त झालो. फॉर्म म्हटला की आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघतात आणि मला ते आवडतं, हे कबूल करतो. बाईला कर लागत नाही. लग्नसराईतल्या मंडपांची सजावट धरूनही लागत नाही. पण भाऊजी गेल्यावर मीच तिला म्हटलं होतं की पोरगी हुशार आहे, पुढे शिकायला कर्ज लागेल, तेव्हा बँक रिटर्न मागेल, आतापासून भरून ठेवू. पोरगी तेव्हा दहावीत होती. म्हणजे ती रिटर्नं कराकरता नव्हतीच, भाचीकरता होती.

पहिली दोन वर्षं मी अकोल्याला जाऊन, बाईच्या स्वयंपाकघरात बसून रिटर्न भरलं. भरून झालं की ते आपणच भरलं आहे, हे कळवावं लागतं. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडे येतात, ते पोर्टलवर टाकायचे, की पडताळणी झाली. बाईचा फोन समोर ओट्यावरच असायचा. मी बघायचो, टाकायचो, झालं.

तिसऱ्या वर्षी मी अमरावतीतच बसून भरलं. तीच चूक झाली. तरी तिथवरही ती मोठी नव्हती, मोठी मी केली.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बाईच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी फोनवर कुणाला तरी असेच सहा आकडे सांगितले आणि त्यांचं खातं रिकामं झालं. मला कळलं तसा मी अकोल्याला गेलो आणि बाईला समोर बसवून तासभर झापलं. तिने काहीच केलं नव्हतं, तरी झापलं. "ओटीपी कोनालेच सांगायचा नाई. बँकेचा मानूस असो, पोलीस असो. मी फोन केला तरी नाई. आजकाल आवाजाची बी नक्कल करतात." एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. "पोरीची शपथ घे," म्हणालो. बाईने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. भाची तेव्हा निशिगंधाच्या कळ्या ओवत होती, ती म्हणाली, "मामा, डोक्याले पानी लागलं माह्या."

आता त्या तिसऱ्या वर्षीची जुलैमधली दुपार. मी अमरावतीत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेला, बाईचं रिटर्न भरून झालेलं. मी तिला फोन लावला.

"बाई, आता तुह्या मोबाइलवर सहा आकडे येतीन. ते सांग."

पलीकडून, "कोन बोलून राहिलं?"

"मी बोलून राहिलो. कोन म्हंजे?"

"आवाज त तसाच हाये," बाई म्हणाली, पण मला नाही, शेजारी बसलेल्या मुलीला.

"अवं बाई, मी हावो! रिटर्न भरून राहिलो तुहं!"

"मेसेजात लिहेल हाये, कोनाले सांगू नका म्हून. आन् माह्या भावानं बी तेच सांगतलं हाये."

"म्या सांगतलं ना ते! तोच मी!"

"तूच असशीन त तुले माहीत पायजे मी काहून सांगत नाई," असं म्हणून तिने फोन ठेवला. मी परत लावला, तिने कापला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा भाचीने उचलून सांगितलं की आईने शपथ घेतली आहे, मामा, तुम्हीच घ्यायला लावली.

माझा चेहरा किती लाल झाला होता हे बायको अजून सांगते. पोर्टलवर 'नंतर पडताळणी करू' असा एक पर्याय असतो, तो मी दाबला. पडताळणीला तीस दिवसांची मुदत असते. तीन आठवड्यांनी राखी होती, दरवर्षीप्रमाणे अकोल्याला जायचंच होतं, तेव्हा समोर बसून उरकू, असा हिशेब केला. पोर्टलने जो कागद काढून दिला, तो बाईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सोबत एक शब्द लिहिला नाही. रागात होतो ना.

बाईने तो छापून आणला आणि लॅमिनेट केला.

एवढ्यावर भागलं असतं. पण दोन दिवसांनी तिने घरच्या ग्रुपवर सगळी हकीकत टाकली, आपण एका फ्रॉडला कसं ओळखलं आणि तो फ्रॉड नेमका सख्खा भाऊ कसा निघाला. तिच्या मते त्यात माझं कौतुकच होतं, की भावाने शिकवलं ते मी पाळलं. पण परतवाड्यापासून पुण्यापर्यंतचे नातेवाईक हसून हसून लोटपोट. माझ्या धाकट्या साडूने मला 'फ्रॉडसाहेब' म्हणायला सुरुवात केली. मी ग्रुप सोडला. राखीला गेलो नाही. ताप उतरत नाही, असं कळवलं. जन्मात पहिल्यांदा माझी राखी पोस्टाने आली. पाकीट फोडलंसुद्धा नाही, टेबलाच्या खणात टाकून दिलं.

आणि बाई डोळ्यांसमोर नाही म्हटल्यावर तिच्या रिटर्नचं जे राहिलं होतं, तेही डोक्यातून गेलं. गेलं म्हणजे पूर्ण गेलं. तिच्या खात्यावर मोबाइल आणि ईमेल मी माझाच दिला होता, तसंच बायकोच्याही खात्यावर. पडताळणी बाकी आहे, अशा आठवणीचे मेल नंतर आले होते. ते माझ्याच डब्यात पडले. निवृत्त झाल्यावर सरकारी पत्र उघडायचं नाही असा माझा एक बाणेदार निश्चय होता, त्यात तेही गेले.

हे सगळं उघडं पडलं ते पुढच्या जुलैत, अकोल्यातल्या बँकेत.

भाचीला नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. फी भरायला पाच आठवडे होते. बाईकडे तेवढे पैसे नव्हते आणि माझ्या पेन्शनीतूनही ते होणारे नव्हते, म्हणून कर्ज. बँकेने मागच्या तीन वर्षांची रिटर्नं मागितली होती. बाई अबोली रंगाचं लुगडं नेसून, पिशवीत तीन लॅमिनेट केलेली रिटर्नं घेऊन आली होती. मी अमरावतीहून पहिली बस धरून गेलो होतो. राग केव्हाच उतरला होता. मधल्या काळात दोन लग्नांत आणि एका तेराव्याला आमची भेट झाली होती आणि आम्ही दोघंही त्या विषयावर काही बोललो नव्हतो. मी मनात म्हणत होतो, बघ, तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं तसंच झालं की नाही.

कर्जाच्या टेबलावरच्या मॅडम तरुण होत्या, बोलायला नीट. पहिली दोन रिटर्नं त्यांनी बाजूला ठेवली. तिसऱ्यावर थांबल्या.

"ही पोचपावती नाहीये काका. हा पडताळणीचा फॉर्म आहे."

"मॅडम," मी म्हणालो, "मी सरकारी नोकरीत केस पांढरे केले. मला कागद कळतो."

त्यांनी दोन प्लास्टिकचे कागद शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे फिरवले. दिसायला जुळे भाऊ. फक्त वरची ओळ वेगळी. एकावर इंग्रजीत 'अ‍ॅक्नॉलेजमेंट' होतं, दुसऱ्यावर 'व्हेरिफिकेशन फॉर्म'. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळ तीच होती.

"व्हेरिफाय झालं नाही तर रिटर्न अवैध धरतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे भरलंच नाही असं. आणि आम्हाला सलग तीन लागतात. मी पुढे पाठवलं तर वरून परत येईल."

"मग आता?" भाचीने विचारलं. तिने मॅडमना नाही, मला विचारलं.

दिवसभर जे हात लगीनघाईने हार ओवतात, ते बाईचे हात टेबलाच्या कडेवर नुसते पडले होते. मॅडमनीच मग सांगितलं की एखाद्या कर सल्लागाराला भेटा, उशीर माफ करून मागता येतो म्हणतात, तारखेच्या आत कागद आला तर माझी काही हरकत नाही.

अकोल्यात बाईच्या ओळखीचे एक कर सल्लागार आहेत, त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात. साठीचे, मेंदी लावलेली दाढी. त्यांच्या थोरल्या मुलाच्या निकाहचा सेहरा बाईनेच गुंफला होता. तिला बघून ते उठून उभे राहिले, खुर्ची ओढून दिली. मला कुणी खुर्ची दिली नाही. मी स्टूल घेतलं.

वकीलसाहेबांनी प्लास्टिकचा कागद उजेडाकडे धरला. "ह्या कागदावर सही करून बेंगलोरले पोस्टानं पाठवता येते, तोई रस्ता असते," ते म्हणाले. "पन बाईसाहेब, तुमी त ह्याले कफन घालून ठेवलं. प्लास्टिकवर सही कशी होईन?"

बाई हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. मला हसू आलं नाही.

मी पासवर्ड सांगितला, त्यांनी संगणकावर बाईचं खातं उघडलं. मागच्या वर्षीच्या रिटर्नसमोर स्पष्ट लिहिलं होतं, अवैध. वकीलसाहेबांनी मग एकेक करून सांगितलं. उशिराचं रिटर्न नव्याने भरायची मुदत डिसेंबरात संपली, तो दरवाजा बंद. त्यानंतर सुधारून भरायचं म्हणून एक रिटर्न असतं, पण ते वाढीव कर भरणाऱ्यांसाठी, बाईला करच नाही, तेही उपयोगाचं नाही. उरला एक रस्ता. पोर्टलवरच विलंब माफीची विनंती टाकायची, उशीर का झाला त्याचं कारण द्यायचं, मग पडताळणी करायची.

"मंग झालं?" बाईने विचारलं.

"नाई. मंग थांबायचं. वरचे साहेब विनंती मंजूर करतीन तवाच हे रिटर्न खरं. नामंजूर केली त..." त्यांनी हाताचा पंजा उघडा करून दाखवला. "किती दिवस लागतीन ते मी सांगत नाई. मी खोटं बोलत नाई."

मग कारण. मी पटकन म्हणालो, "आजारपन लिहा. मागच्या ऑगस्टात मले ताप होता."

"हो ना," बाई म्हणाली. "लई ताप होता त्याले. राखीले बी येता आलं नाई. लिहा साहेब, खरं हाये ते."

"डॉक्टरचा कागद असन?" वकीलसाहेबांनी विचारलं. "विचारलं त दाखवा लागते."

मी स्टुलावर बसलो होतो. माझ्या मागे पंखा होता आणि तरी घाम येत होता. मी म्हणणार होतो की कागद हरवला. तोंडापर्यंत आलंही होतं. पण बाई माझ्याकडे इतक्या काळजीने बघत होती, जणू तो ताप अजून उतरला नव्हता.

"ताप नव्हता," मी म्हणालो.

"काय?"

"ताप नव्हता आला बाई. तू ग्रुपवर टाकलं म्हून मले राग आला होता. म्हून नाई आलो. आन् पडताळनी राहिली हे मले सांगाले मेल बी आले होते, ते म्या उघडले नाई. तुही काई चूक नाई यात. सगळी माही हाये."

भाची खिडकीतून बाहेर बघू लागली. वकीलसाहेबांनी कीबोर्डवरची धूळ फुंकली.

मग बाई म्हणाली, "म्या शनवार धरला तुह्यासाठी."

"काय धरलं?"

"शनवारचा उपास. ताप उतरत नाई म्हनलं होतं ना तुनं. तवापासून धरला. परत येऊ नये म्हून अजून सोडला नाई."

माझी काय अवस्था झाली, ते कसं सांगू. वर्षभराचे शनिवार मोजायचीही हिंमत झाली नाही. नोकरीत साहेबांनी चारचौघांत झापलेलं मी पचवलं आहे, पण त्या स्टुलावर मला जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती. मी मान खाली घातली. डोळे भरून आले ते भाचीने पाहिलं असणार, कारण तिने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"देखो भाऊ," वकीलसाहेब म्हणाले, "गल्ती कोनाची, ते तुमी घरी निपटा. मले इथं दोन ओळी लिहायच्या हायेत. जे झालं तेच लिहू. खरं लिहेलं वाचाले बी सोपं असते."

यादीतल्या कारणांत आमचं कारण नव्हतं. त्यांनी 'इतर' निवडलं आणि इंग्रजीत लिहिलं, मग आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. करदाती फुलांचा लहान व्यवसाय करणारी विधवा आहे. फसवणुकीच्या भीतीने तिने ओटीपी फोनवर सांगितला नाही. तिच्या वतीने रिटर्न भरणाऱ्या भावाने नंतर पडताळणी करायची राहू दिली, आणि आठवणीच्या सूचना त्याच्याच ईमेलवर गेल्याने तिला कळलं नाही. रिटर्न वेळेत भरलेलं आहे, त्यात काही बदल नाही, तरी विलंब माफ करावा.

एवढंच. मी आयुष्यभर सरकारी मसुदे लिहिले, पण माझ्याबद्दल इतकं खरं कुठल्याच कागदावर आलं नव्हतं.

"आन् हे आदी बदला," असं म्हणून वकीलसाहेबांनी खात्यावरचा माझा नंबर आणि ईमेल काढून टाकला. बाईचा मोबाइल आणि भाचीने नुकताच उघडून दिलेला बाईच्या नावाचा ईमेल टाकला. "खातं ज्याचं, नंबर त्याचा."

शेवटी पडताळणी आली. बाईच्या फोनवर सहा आकडे आले. तिने फोन छातीशी धरला आणि आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. वकीलसाहेबांकडे, मुलीकडे, माझ्याकडे.

"सांग बाई," मी म्हणालो.

"शपथ हाये," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. तिची शपथ मीच घ्यायला लावली होती आणि ती तोडायला सांगायचं तोंड मला नव्हतं. वकीलसाहेबांनी आपली खुर्ची मागे घेतली आणि कीबोर्ड तिच्याकडे वळवला. "कोनाले नका सांगू. तुमीच टाका."

बाईने पदराला बोट पुसलं. फोन एका हातात, आमच्यापासून थोडा वळवलेला. दुसऱ्या हाताच्या तर्जनीने तिने एकेक आकडा शोधून दाबला. प्रत्येक आकड्यानंतर फोनकडे बघायची, मग कीबोर्डकडे. सहावा दाबून झाला तशी तिने फोन पिशवीत टाकला आणि म्हणाली, "म्या कोनाले सांगतलं नाई हां." पडद्यावर हिरवी खूण आली. पण विनंतीपुढे अजून 'दाखल' एवढंच होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी अमरावतीत बसून दिवसातून चार-चार वेळा पोर्टल उघडायचो. बायको म्हणायची, बघून बघून झिजवाल त्याला. फीची तारीख जवळ येत होती. एकदा भाचीचा फोन आला. ती कधी जास्त बोलत नाही.

"मामा, नाई झालं त?"

"होईन," मी म्हणालो.

"नाई झालं त मी आईसोबत दुकानात बसन, मले चालते. पन आईले नका सांगू मी विचारलं म्हून."

मला वाटलं, हिला ओरडावं. इतकी समजूतदार कशाला झालीस म्हणून ओरडावं. पण गेल्या वर्षभराच्या माझ्या रागाचा हिशेब मला नुकताच कळला होता. मी फक्त "नाई सांगत" म्हणालो.

मग एका सकाळी, मी दाढी करत असताना बाईचा फोन आला. बायकोने स्पीकरवर टाकून आरशाजवळ आणून धरला.

"भाऊ, एक मेसेज आला हाये. इन्कम टॅक्सचा म्हंते. इंग्लिश हाये. डिलीट करू का?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की हनुवटीला ब्लेड लागलं. "नको बाई! पोरीले वाचाले दे!"

पलीकडून फुलांच्या टोपल्या सरकवल्याचा आवाज आला. मग भाचीचा आवाज, वाचताना आधी हळू, मग एकदम वर चढलेला. विलंब माफीची विनंती मंजूर झाली होती. तिने ते वाक्य तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती रडत होती आणि हसतही होती, आणि मागून बाई विचारत होती, "रडून काहून राहिली? नाई म्हनलं का?"

मी गालाला साबण तसाच ठेवून पोर्टल उघडलं. मंजूर. खाली रिटर्नसमोरचा 'अवैध' गेला होता. मी बायकोला हाक मारून दाखवलं, मग परत एकदा दाखवलं. हलकं वाटलं, खूप हलकं. नवा कागद उतरवून घेतला. त्याच्यावर 'अ‍ॅक्नॉलेजमेंट' होतं. तरी मी ती ओळ बोटाने धरून वाचली.

बँकेच्या मॅडमनी तो कागद घेतला आणि बाकीच्या दोनांवर ठेवला. मी म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी मी जरा..." त्या म्हणाल्या, "काका, इथे सही करा, साक्षीदार म्हणून." फीच्या तारखेच्या चार दिवस आधी कर्ज मंजूर झालं.

यंदा राखी शनिवारी आली. मी सकाळीच अमरावतीहून निघालो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खिशात हात घालून बघितलं, खणातलं पाकीट आहे ना. ते अजून बंदच होतं.

भाचीची बॅग दाराशी बांधून ठेवलेली होती, सोमवारी ती नागपूरला निघणार होती. बाईने पाट मांडला, ओवाळलं, राखी बांधली. मग मी पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने फोडलं. आतली राखी वर्षभरात थोडी चपटी झाली होती. तिने पहिलीच्या शेजारी दुसरीही बांधली, गाठ नीट आवळली.

ताट वाढलं तेव्हा माझ्यापुढे पुरणपोळी आली आणि तिच्यापुढे भगर.

"बाई, आता त सोड ना उपास," मी म्हणालो. "ताप नव्हता हे माहीत झालं ना तुले."

"सोडनारच होती," ती म्हणाली, भगरीवर दाण्याची आमटी घेत. "मंग म्हनलं राहू दे. तापाचा नाई त नाई, तुह्या रागाले लागन."

भाचीने ठसका लागल्यासारखं केलं. मी मान खाली घालून पोळी खाल्ली. निघताना त्या मंजूर रिटर्नच्या पोचपावतीचा कागद मी बाईला दिला. तो तिने कोरड्या हातांनी धरला आणि चप्पल घालून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाली, आणि मी तिला थांबवलं नाही.